थापेला दंड, प्रतारणेला टाळ्या

वादविवाद स्पर्धेच्या गुणपत्रिकेत मुद्दे, खंडन, मांडणी आणि वेळ यांच्या जोडीला 'भाषा' असा एक रकाना असतो. समोरच्याचं म्हणणं खोटं आहे, हे सांगताना मुलानं कोणता शब्द उच्चारला याचा हिशेब याच रकान्यात होतो. मराठीत अशा शब्दांना तोटा नाही. थाप, बाता, पुड्या, खोटं, असत्य, बनाव, लबाडी, दिशाभूल, फसवणूक, कपट, प्रतारणा. यातला कुठला हलका आणि कुठला जड, यावरून माझी आणि दादाची जुंपलेली आहे.

मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवते आणि आठवी-नववीच्या मुलांची वादविवादाची तयारी करून घेते. दादानं जन्मभर तालुक्याच्या कोर्टात वकिली केली. आता माझ्या मुलांची भाषणं लाल पेन घेऊन तपासणं, हा त्याचा उद्योग. यंदा विषय होता, 'पाचवी आणि आठवीत नापास करण्याची पद्धत योग्य आहे.' माझी विद्यार्थिनी अनुकूल बाजूनं बोलली. खंडनात तिनं समोरच्या एका विधानाला 'ही शुद्ध थाप आहे' असं म्हटलं आणि भाषेचे गुण गमावून बसली. तिच्यानंतर उठलेला प्रतिकूल बाजूचा मुलगा म्हणाला, 'माझ्या प्रतिस्पर्ध्यांनी सत्याशी प्रतारणा आणि सभागृहाची वंचना केली आहे.' त्याला टाळ्या पडल्या.

मी: दादा, मोठा आरोप कुठला ते सांग. 'तू थाप मारलीस' हा, की 'तू प्रतारणा केलीस' हा?

दादा: शब्दकोशात विचारतेस की सभागृहात?

मी: दोन्हीकडे उत्तर एकच यायला हवं.

दादा: यायला हवं, पण येत नाही. थाप हा घरातला शब्द आहे. भाऊ भावाला म्हणतो, मैत्रीण मैत्रिणीला म्हणते. ज्याला आपण अरे-तुरे करतो, त्याच्याच तोंडावर 'थापा मारू नकोस' म्हणता येतं. तुझ्या मुलीनं व्यासपीठावर उभं राहून एका अनोळखी मुलाला अरे-तुरे केलं, परीक्षकाला ते खुपलं. त्यानं आरोप मोजलाच नाही, सलगी मोजली.

मी: तेच तर माझं दुखणं आहे. आरोप मोजायला नको का? थाप म्हणजे काय असतं? मुलगा उशिरा येतो आणि बस चुकली म्हणून सांगतो. ऐकणाऱ्याचं त्यात काही जात नाही, बऱ्याचदा त्याला कळलेलंही असतं. म्हणून तर आपण 'थाप पचली' म्हणतो, ती न पचण्याची जोखीम मारणाऱ्यावरच असते. 'थापाड्या' म्हणताना सुद्धा आवाजात थोडं कौतुक असतं. आणि 'लोणकढी थाप' म्हटलं की लोक हसायच्या तयारीतच बसतात. याउलट प्रतारणा. तिच्यात आधी विश्वास लागतो आणि मग तो मोडलेला असावा लागतो. मित्राची प्रतारणा, वचनाची प्रतारणा. समोरच्या मुलाच्या चारित्र्यावरच बोट ठेवलंस की तू. आणि त्यावर टाळ्या?

दादा: टाळ्या पडल्या कारण कुणाला काही लागलंच नाही. प्रतारणा हा शब्द आता फक्त निबंधात आणि निरोपाच्या भाषणात राहतो. रस्त्यावर कुणी कुणाला 'माझी प्रतारणा केलीस' म्हणून भांडताना ऐकलंयस? वापर नाही म्हणजे धार नाही. त्या मुलानं सुरी काढली नाही, पोशाखातली तलवार दाखवली.

मी: म्हणजे संस्कृत वेष चढवला की वाटेल तो आरोप करायला मुलं मोकळी?

दादा: मोकळी आहेत असं नाही. पण शब्दाचं वजन जागेवर ठरतं, एवढंच मी म्हणतोय. आमच्या कोर्टातली मराठी कैफियत वाच. वादीच्या प्रत्येक परिच्छेदाला प्रतिवादीचं ठरलेलं उत्तर असतं, 'सदर मजकूर खोटा, लबाडीचा व खोडसाळ असून प्रतिवादीस मान्य व कबूल नाही.' तीन शिव्या एका दमात. वादी समोर बसून ऐकतो आणि मधल्या सुट्टीत त्याच वकिलाकडे तंबाखू मागतो. कारण त्या जागी 'लबाडीचा' याचा अर्थ 'आम्हाला कबूल नाही' इतकाच उरलाय. हाच शब्द ग्रामपंचायतीच्या सभेत उच्चारलास तर खुर्च्या हलतील.

(इथं मला 'लबाड' हा शब्द आठवतो. पाळण्यातलं बाळ डोळे मिटून जागं असलं की आजी त्याला 'लबाड' म्हणते, आणि तिच्याहून प्रेमानं तो शब्द कुणी उच्चारत नाही. दादाचं म्हणणं अगदीच मोडीत काढता येत नाही ते अशा शब्दांमुळे.)

मी: बरं, तुझ्या कोर्टात सगळेच शब्द असे झिजलेले आहेत का?

दादा: नाहीत. खोटा, लबाडीचा हे फुकट मिळतात. फसवणूक फुकट मिळत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेत, १९०८च्या, सहावा आदेश आणि त्यातला चौथा नियम आहे. फसवणूक झाली असं कथन करायचं असेल तर तपशील द्यावा लागतो. काय भासवलं, कसं भासवलं, गरज असेल तिथं तारखांसकट. नुसतं 'माझी फसवणूक झाली' लिहून भागत नाही.

मी: म्हणजे कायदासुद्धा शब्दाची किंमत त्याच्यामागच्या पुराव्यानं लावतो. मग माझंच म्हणणं खरं झालं. मूळ विधान खोटं आहे एवढं म्हणायला एक पुरावा लागतो. बोलणाऱ्याला ते माहीत होतं, हे म्हणायला दुसरा. आणि त्यानं ते ऐकणाऱ्याला गंडवण्यासाठी केलं, हे म्हणायला तिसरा. शब्द जितका जास्त पुरावा मागतो तितका तो जड. कानाला कसा लागतो, हा नंतरचा प्रश्न.

दादा: कागदावर छान आहे. चल, त्या दिवशीची वाक्यं घेऊ. तुझ्या मुलीनं थाप कशाला म्हटलं?

समोरचा मुलगा म्हणाला होता, 'आइन्स्टाइन शाळेत गणितात नापास झाले होते. नापासाचा शिक्का मारून आपण असे किती आइन्स्टाइन गमावणार?' हे वाक्य वक्तृत्वाच्या स्पर्धांत इतकं फिरतं की ते आता कुणाच्याच मालकीचं राहिलेलं नाही. खरी हकीकत अशी. १८९५ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, आइन्स्टाइननं झुरिकच्या तंत्रशिक्षण संस्थेची प्रवेशपरीक्षा दिली. तिथं बसणारी मुलं सहसा त्याच्याहून मोठी असत. त्याला प्रवेश मिळाला नाही, मात्र गणितात आणि भौतिकशास्त्रात तो चांगलाच चमकला होता. पुढच्या वर्षी आराऊच्या शाळेतून शालान्त परीक्षा दिली, तेव्हा बीजगणित, भूमिती आणि भौतिकशास्त्रात त्याला ६ पैकी ६ मिळाले.

दादा: म्हणजे विधान खोटं. पहिला पुरावा झाला. आता थाप म्हणायला हरकत काय?

मी: हरकत आहे, आणि परीक्षकानं शोधली त्याहून वेगळी. थाप मारणाऱ्याला ती थाप आहे हे ठाऊक असतं. नकळत थाप मारता येत नाही, नकळत चूक करता येते. त्या मुलानं हे वाक्य कुठल्या तरी सुविचाराच्या वहीतून उचललं असणार, त्याचा त्यावर विश्वास असणार. तेव्हा त्याला थाप म्हणणं उद्धट आहे म्हणून चूक नाही, ते जास्त आहे म्हणून चूक आहे. तिनं एवढंच म्हणायचं होतं की हे विधान असत्य आहे आणि हा त्याचा गुणपट.

दादा: असत्य! म्हणजे शेवटी तूही संस्कृतातच शिरलीस.

मी: शिरले, कारण असत्य हा शब्द विधानाबद्दल बोलतो, माणसाबद्दल काही म्हणत नाही. 'खोटं'चं तसं नाही. खोटं विधानालाही लागतं, बोलण्यालाही लागतं आणि जरा ओढलं की माणसालाही लागतं. 'हे खरं नाही' आणि 'हे खोटं आहे' यांत एक पायरी. 'खोटं आहे' आणि 'तुम्ही खोटं बोलताय' यांत दुसरी. आणि 'तुम्ही खोटारडे आहात' म्हटलं की जिना संपला. मूळ शब्द बदललाच नाही बघ, खोटं ते खोटंच राहिलं. वजन वाढलं ते वाक्याच्या बांधणीनं.

दादा: आणि 'माननीय प्रतिस्पर्धी धादांत खोटं बोलत आहेत'? त्यातला 'माननीय' आणि 'आहेत' काढून बघ. 'तू धादांत खोटं बोलतोस' हे भांडण झालं. आदरार्थी बहुवचन लावलंस की तो अपमान झाला. मराठीत मान देऊन जितकं बोचतं तितकं मान काढून बोचत नाही. तुझ्या पुराव्याच्या हिशेबात हे कुठं बसवशील?

हे माझ्या हिशेबात बसत नाही. मी ते त्याला तेव्हा सांगितलं नाही, दुसऱ्या वाक्याकडे वळले.

दुसरं वाक्य होतं, 'शिक्षण हक्क कायदा २००९ सांगतो, प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणत्याही बालकाला एकाच वर्गात मागे ठेवता येणार नाही.' कलम १६ मूळ तसंच होतं आणि कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. पण २०१९ साली या कलमात दुरुस्ती झाली. पाचवी आणि आठवीच्या अखेरीस नियमित परीक्षा, त्यात न जमल्यास निकालापासून दोन महिन्यांच्या आत पुन्हा संधी, आणि तरीही न जमल्यास मागे ठेवायचं की नाही हे राज्यांनी ठरवायचं. महाराष्ट्रानं २०२३ साली तसा नियम केलाही. मुलाचं वाक्य २००९साठी अक्षरशः खरं, आणि आजच्या वादात दिशा चुकवणारं.

दादा: इथं तुझं 'असत्य' चालणार नाही. कलम होतंच.

मी: म्हणून 'खोटं'ही चालणार नाही. हा नरो वा कुंजरो वा आहे. अश्वत्थामा नावाचा हत्ती मेला होता हे खरंच होतं. युधिष्ठिराचा प्रत्येक शब्द खरा, आणि द्रोणांच्या हातून शस्त्र गळालं. त्याचा रथ जमिनीला टेकला तो खोट्या शब्दासाठी नाही, दुसऱ्याच्या मनात उभ्या केलेल्या खोट्या चित्रासाठी. मराठीत यासाठी चपखल शब्द आहे, दिशाभूल.

दादा: पण दिशाभूल करायला दिशा माहीत असावी लागते. त्या मुलाला २०१९ची दुरुस्ती माहीत होती हे तुझ्या मुलीला कसं कळलं? जुनं पुस्तक पाठ केलं असेल.

मी: मान्य. आणि इथं मराठी क्रियापद मदतीला येतं. 'सभागृहाची दिशाभूल केली' आणि 'सभागृहाची दिशाभूल होते' यांत बघ. पहिल्यात करणारा आहे, दुसऱ्यात तो वाक्यातून उठून गेला. गैरसमज पसरवला, गैरसमज होतो. फसवलं, फसगत झाली. नववीच्या मुलाला अख्खी शब्दयादी पाठ नको, 'करणे' आणि 'होणे' यांतला फरक कळला तरी निम्मं काम होतं. मी तिला असं लिहून दिलं असतं: 'माझ्या मित्रानं वाचलेलं कलम २००९चं आहे. २०१९मध्ये ते बदललं. हा बदल न सांगितल्यानं सभागृहाची दिशाभूल होते.'

दादा: 'मित्रानं' हे चांगलं केलंस. पण ऐकणारा 'होते'मधून 'केली' ऐकतोच. आम्ही कोर्टात 'साक्षीदाराची स्मरणशक्ती दगा देते आहे' म्हणायचो, त्याचा अर्थ कुणाला कळत नव्हता असं नाही. जगभर हेच चालतं. १९०६ साली ब्रिटिश संसदेत चर्चिल म्हणाले की ट्रान्सवालमधल्या चिनी मजुरांच्या कराराला गुलामगिरी म्हणणं म्हणजे परिभाषेतल्या अचूकतेला बाधा आणण्याचा धोका पत्करणं. त्यांना तिथं तेवढंच म्हणायचं असेल, पण पुढं ते शब्द 'खोटं' या शब्दाची सभ्य जागा म्हणून प्रसिद्ध झाले. सभ्य शब्द थोड्या दिवसांत तोच वार करायला लागतो.

मी: आणि मग त्यावरही बंदी येते. लोकसभा सचिवालयाची असंसदीय शब्दांची २०२२ची पुस्तिका आठवते? 'लाय' तर होताच, 'अनट्रू' सुद्धा होता.

दादा: बंदी नव्हती. कुठल्याही शब्दावर बंदी घातलेली नाही असं अध्यक्षांनी लगेच स्पष्ट केलं. आधी कामकाजातून वगळल्या गेलेल्या शब्दांचं ते संकलन होतं. शब्द वगळायचा की ठेवायचा हे प्रत्येक वेळी संदर्भ पाहून ठरतं. म्हणजे माझंच म्हणणं. यादी वजन सांगत नाही, प्रसंग सांगतो.

मी: प्रसंग सांगतो, कबूल. पण शाळेतल्या परीक्षकाला संदर्भ पाहायची सवय नाही ना. तो कानानं गुण देतो. गावाकडची मुलगी 'पुड्या सोडतात' म्हणाली की गुण गेले, शहरातली 'कपोलकल्पित' म्हणाली की वाहवा. पुडी सोडणं म्हणजे वावडी उडवणं, फार तर गंमत. कपोलकल्पित म्हणजे तू हे सगळं मनानं रचलंस. कुणाचा आरोप मोठा? आणि दंड कुणाला?

दादा काही बोलला नाही, चहा घेऊन आला. त्याच्याकडून याहून मोठी कबुली मिळत नाही.

तिसरं वाक्य सगळ्यात अवघड होतं. 'एका नामांकित विद्यापीठाच्या अभ्यासानुसार नापास झालेल्यांपैकी ८७ टक्के मुलं शाळा सोडतात.' प्रश्नोत्तरांच्या फेरीत माझ्या विद्यार्थिनीनं विद्यापीठाचं नाव विचारलं. मुलगा म्हणाला, 'नामांकित आहे.' तिनं वर्ष विचारलं. तो म्हणाला, 'अलीकडचं आहे.' सभागृह हसलं, घंटा वाजली.

मी: याला काय म्हणशील?

दादा: आधार दिलेला नाही, एवढंच.

मी: एवढंच? हे तर उघड रचलेलं आहे.

दादा: तुला खात्री आहे, पुरावा नाही. उद्या तो मुलगा खरंच एखादा अहवाल घेऊन आला तर? 'आधार दिलेला नाही' हे वाक्य तेव्हाही खरंच राहील, कारण त्या दिवशी त्यानं दिला नव्हता. 'रचलेलं' म्हणालीस तर परत घ्यावं लागेल. आणि रचण्याचेही प्रकार आहेत. 'बनाव' म्हणू नकोस. बनावाला आधीचं कारस्थान लागतं, बहुधा दोन-तीन माणसं लागतात. पोलिसांच्या बातमीत 'अपघाताचा बनाव केला' असतं ना, ते. 'बनावट'ही म्हणू नकोस. बनावट वस्तू असते: नोट, दाखला, शिक्का. हवेतल्या आकड्याची नक्कल कशाची करणार? मूळ तर हवं.

मी: म्हणून तर मी 'हवेतला आकडा' म्हणते.

दादा: ते चालेल. हसू येईल आणि आरोपही मर्यादेत राहील. आणि तो 'ध चा मा' मात्र घुसवू नकोस, तुझ्या मुलांना फार आवडतो.

मी: का नको? समोरच्यानं आपलं वाक्य मोडून-तोडून सांगितलं की तो अगदी नेमका बसतो.

दादा: बसतो, पण तो अर्थाच्या विपर्यासाला शोभतो, नव्या आकड्याला नाही. शिवाय वजन बघ. ३० ऑगस्ट १७७३, शनिवारवाडा, नारायणराव पेशव्यांचा खून. 'धरावे'चं 'मारावे' झालं. नववीच्या पोरानं तुझं एक वाक्य चुकीचं उद्धृत केलं आणि तू त्याला थेट खुनाच्या कटात बसवलंस. आणि गंमत म्हणजे आनंदीबाईंवरचा तो आरोप स्वतःच वादातला आहे, इतिहासकारांचं त्यावर एकमत नाही. कागदात फेरफार केल्याचा आरोप करायला आपण जो वाक्प्रचार वापरतो, त्याच्याच मागचा पुरावा पुरा नाही.

हे मात्र मला आवडलं. मुलांना सांगण्यासाठी मी ते टिपून ठेवलं.

मी: पण 'आधार दिलेला नाही' हे मला पटत नाही, दादा. ते फार स्वस्त आहे. आइन्स्टाइनचा गैरसमज बाळगणारा आणि आकडा जागच्या जागी तयार करणारा, दोघांना एकाच मापानं मोजायचं? तिनं दोनदा विचारलं आणि दोनदा त्यानं टाळलं. तुझ्या सहाव्या आदेशाला तपशील हवा असतो ना? हा तपशीलच आहे. काय विचारलं, काय उत्तर आलं. एवढं सांगून झाल्यावर 'हा आकडा रचलेला दिसतो' म्हणायचा हक्क तिला मिळतो. तिथंही ती मऊ बोलली तर ती सभ्य ठरत नाही, तिचं खंडन अपुरं ठरतं.

दादा: 'दिसतो' म्हणालीस म्हणून सोडतो. 'आहे' म्हणाली असतीस तर लाल पेन काढलं असतं.

मी: आणि फसवणूक?

दादा: नाही. फसवणुकीला बळी लागतो आणि त्याचं काही तरी जावं लागतं. सभागृहाचं काय गेलं? लोक म्हणतात ना 'चारसोबीस', ते कलम पैसे किंवा मालमत्ता काढून घेण्याबद्दल होतं. तेही आता भारतीय न्याय संहितेत ३१८ झालंय, १ जुलै २०२४ पासून, पण अजून कुणी कुणाला 'तीनशे अठरा' म्हणत नाही. आणि कपट तर लांबच. कपट विधानात नसतं, मनात असतं, तेही मुरलेलं. एका वाक्यावरून कुणाला कपटी ठरवता येत नाही. त्याचा भाऊ 'कावा' घे. 'गनिमी' लावलं की अभिमान, 'बाज' लावलं की शिवी. हे शब्द मुलांच्या हाती कशाला?

मी: मग मी गुणपत्रिका बदलते. 'भाषा' रकान्यात रांगडेपणाला गुण कापायचे नाहीत. कापायचे ते पुराव्याहून मोठा शब्द वापरला तर. 'प्रतारणा' म्हणालास, विश्वास कुठला आणि कसा मोडला ते दाखव. नाही दाखवलंस, गुण गेले.

दादा: परीक्षकाला तीन मिनिटांत हे कळणार कसं?

मी: भाषण संपल्यावर एकच प्रश्न विचारायचा. 'त्यांना हे माहीत होतं, हे तुला कशावरून कळलं?'

दादा: मग काय होईल सांगू? पुढच्या वर्षी सगळी मुलं सगळ्याला 'असत्य' म्हणतील. सुरक्षित शब्द. कुठलाच पुरावा लागत नाही, गुण जात नाहीत. थाप जाईल, पुड्या जातील, लोणकढी जाईल. तुझ्या न्यायानं भाषा साफ होईल आणि ऐकणाऱ्याला झोप येईल.

मी: 'असत्य'लाही गुण कापेन. जिथं मुलाकडे पूर्ण पुरावा होता आणि तरी तो नुसतं असत्य म्हणून खाली बसला, तिथं.

दादा: आणि थाप?

मी: आदल्या फेरीत समोरच्यानं एक सांगितलं आणि या फेरीत त्याच्या उलट सांगितलं, तर माहीत असल्याचा पुरावा त्याच्याच तोंडचा आहे. शिवाय सगळे हसतील इतकी ती बाब किरकोळ असेल, तर थाप म्हणणाऱ्या मुलीला भाषेचे पूर्ण गुण.

दादा: परीक्षक म्हणून तुला पुन्हा कुणी बोलावणार नाही.

मी: मागच्या वेळीही मला तयारीलाच बोलावलं होतं, परीक्षणाला नाही.